सात चाली की तीस?

आयबीएममध्ये काम करणारे अ‍ॅलेक्स बर्नस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७च्या सुमारास ७०४ या यंत्रासाठी बुद्धिबळाचा एक प्रोग्रॅम लिहिला. पूर्ण पटावर, सगळ्या नियमांनिशी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत डाव खेळू शकणाऱ्या पहिल्यावहिल्या प्रोग्रॅमांपैकी हा एक. एका चालीला तो आठेक मिनिटं घ्यायचा आणि तेवढ्यात चार चाली पुढचं पाहायचा: आपली एक, समोरच्याची एक, पुन्हा आपली, पुन्हा समोरच्याची.

चार म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण डाव रंगात आला की एका वेळी साधारण तीस चाली शक्य असतात. त्यांतल्या प्रत्येकीला समोरून तीस उत्तरं, प्रत्येक उत्तराला आपली पुन्हा तीस प्रत्युत्तरं. चौथ्या पायरीवर पोहोचेपर्यंत ८ लाख १० हजार निरनिराळ्या स्थिती समोर उभ्या राहतात. त्या प्रत्येकीत कोणाची किती मोहरी उरली, राजा कितपत सुरक्षित आहे, मोहऱ्यांना हालचालीला जागा किती आहे हे बघून एक गुण द्यायचा. ७०४च्या वेगाने हे काम एकाच चालीसाठी जवळजवळ दोन दिवस चाललं असतं.

बर्नस्टाइन यांनी यावर जो उपाय काढला तो कोणालाही सुचेल असाच आहे. तीसही चाली बघायच्या नाहीत. राजाला शह आहे का, काही मारता येतं का, एखादं मोहरं धोक्यात आहे का, किल्लेकोट झाला आहे का, असे ठरावीक प्रश्न विचारून सात बऱ्या चाली निवडायच्या आणि उरलेल्या सोडून द्यायच्या. मग चार पायऱ्यांवर सात गुणिले सात गुणिले सात गुणिले सात, म्हणजे २,४०१ स्थिती उरतात. आठ मिनिटांत बसतात.

आता यातली गोम अशी की सोडून दिलेल्या तेवीस चालींकडे यंत्र पुन्हा ढुंकूनही पाहत नाही. त्यांतच वजिराचं बलिदान देऊन मात करण्याची चाल असेल, तर ती गेलीच. आपल्याकडची गेली तर एक वेळ चालेल, पण समोरच्याची अशी चाल यादीतून गळली तर यंत्र निर्धास्तपणे खड्ड्यात पाऊल टाकतं. ‘कशाकडे दुर्लक्ष करायचं’ हे इथे अंदाजाने ठरतं, आणि तो अंदाज चुकला हे यंत्राला डाव हातचा जाईपर्यंत कळत नाही.

क्लॉड शॅनन यांनी १९५०च्या आपल्या प्रसिद्ध लेखात या दोन्ही वाटांची नोंद केली होती. एक, ठरावीक खोलीपर्यंत सगळं पाहायचं. दोन, निवडक पाहायचं. सगळं पाहणं परवडणार नाही म्हणून दुसऱ्या वाटेकडे त्यांचा कल होता. त्यांचा हिशोब असा की दोन्ही बाजूंच्या मिळून सहा चाली पाहायच्या तर शंभर कोटींच्या घरात स्थिती होतात. सेकंदाला दहा लाख तपासणारं यंत्र मिळालं, तरी एका चालीला सोळा मिनिटांहून अधिक वेळ लागेल.

बर्नस्टाइन यांनी आपलं काम १९५६च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजमधल्या बैठकीत मांडलं तेव्हा जॉन मॅकार्थी तिथे होते. मॅकार्थींनी पुढे लिहून ठेवलं आहे की या झाडाचे काही भाग पाहण्याची गरजच नाही, ते न पाहताही उत्तर तेच येतं, हा मुद्दा त्यांनी तिथेच काढला. पण बर्नस्टाइन यांना तो पटला नाही. या पद्धतीला आज अल्फा-बीटा छाटणी म्हणतात. ती उत्तम जमली तर चार चालींच्या त्या ८,१०,००० स्थितींपैकी फक्त १,७९९ तपासाव्या लागतात. बर्नस्टाइन यांच्या २,४०१पेक्षाही कमी! आणि तीसपैकी एकही चाल अंदाजाने टाकून न देता.

हे कसं शक्य आहे ते बघायला बुद्धिबळ घटकाभर बाजूला ठेवू. समजा, शाळेला एका स्पर्धेसाठी एकच विद्यार्थी पाठवायचा आहे आणि नियम असा की ज्याचा सर्वांत कच्चा विषय इतरांच्या कच्च्या विषयांपेक्षा बरा, तो निवडायचा. सरांनी पहिल्या मुलाची गुणपत्रिका पूर्ण वाचली. त्याचे सर्वांत कमी गुण ५८. आता दुसऱ्याची गुणपत्रिका उघडली तर पहिल्याच ओळीत गणितात ४१. सर ती गुणपत्रिका तिथेच मिटतील. या मुलाला विज्ञानात ९८ असले तरी त्याचा कच्चा विषय ४१च्या वर जाऊ शकत नाही. इतिहासात १२ असले तर तो ४१पेक्षाही खाली जाईल, पण त्याने काय फरक पडतो? ५८वाला पुढे आहे एवढं नक्की झालं. दुसरा मुलगा नेमका किती मागे आहे, हे सरांना कोणी विचारलेलंच नाही.

बुद्धिबळात हा ‘सर्वांत कच्चा विषय’ समोरचा खेळाडू शोधून काढतो. आपण चाल केली की तो आपल्याला सर्वांत जाचक ठरणारं उत्तर देणार, असं धरून चालायचं. म्हणून एखाद्या चालीची किंमत म्हणजे तिच्या उत्तरांतल्या सर्वांत वाईट उत्तराची किंमत, आणि आपण अशी चाल निवडायची की जिची ही किंमत सर्वांत जास्त. आपण गुण चढवतो, तो उतरवतो. खाली टोकाला मिळालेले गुण असे पायरीपायरीने वर आणले की पहिल्या पायरीवरची उत्तम चाल मिळते. या साध्या पद्धतीचं नाव मिनिमॅक्स, आणि तिच्यात झाडाचं प्रत्येक टोक पाहावं लागतं.

आता लहानसं झाड घेऊ. आपल्याला अ, ब, क अशा तीन चाली आहेत. प्रत्येकीला समोरून तीन उत्तरं, म्हणजे एकूण नऊ टोकं. जास्त गुण म्हणजे आपला फायदा.

‘अ’ला मिळणाऱ्या तीन उत्तरांनंतरचे गुण ५, ३ आणि ८ आहेत. समोरचा तीनवालं उत्तर देईल, म्हणून ‘अ’ची किंमत ३. आता आपल्या पदरात तीन पक्के आहेत. हाच अल्फा: आपल्याला आत्तापर्यंत मिळालेली खात्री.

‘ब’कडे वळू. पहिल्याच उत्तरानंतर गुण आले २. समोरच्याकडे आपल्याला दोनवर आणणारं उत्तर आहे, हे सिद्ध झालं. उरलेली दोन उत्तरं कशीही असोत, ‘ब’ची किंमत दोनच्या वर जाणार नाही, आणि तीन तर आपल्याकडे आहेतच. ‘ब’ इथेच सोडायची. समजा, न पाहिलेल्या टोकांवर ६ आणि उणे ९ लिहिलेले होते. पाहिले असते तर ‘ब’ची किंमत उणे ९ निघाली असती. ती दोन असो की उणे नऊ, तीनच्या खालीच.

‘क’ची उत्तरं ७, ४ आणि ६. यांतलं एकही तीन किंवा तीनपेक्षा कमी नाही, म्हणून थांबायला कुठे निमित्त मिळत नाही. तिन्ही पाहावी लागतात. किंमत ४, आणि तीच सर्वांत जास्त. चाल ठरली ‘क’. नऊपैकी सात टोकं पाहिली, दोन वाचली, आणि नऊ पाहिली असती तरी उत्तर ‘क’ आणि चार हेच आलं असतं.

आणखी एक पायरी खाली गेलं की अल्फाचं भावंड दिसतं. वर ‘क’च्या उत्तरांचे गुण आपण आयते घेतले, प्रत्यक्षात त्या प्रत्येक उत्तरानंतर आपली पुन्हा एक चाल असेल आणि त्यांतली सर्वांत चांगली आपण घेऊ. समजा, ‘क’च्या दुसऱ्या उत्तरापाशी आपण सगळ्या चाली तपासल्या आणि जास्तीत जास्त ४ मिळाले. आता हमी समोरच्याच्या हातात आहे: ‘क’ खेळलात तर मी तुम्हाला चारच्या वर जाऊ देणार नाही. हा बीटा. मग तिसऱ्या उत्तराखाली आपली पहिलीच चाल सहा गुण देऊन गेली, तर तिथली बाकीची शोधाशोध व्यर्थ आहे. त्या उत्तरानंतर आपल्याला किमान सहा मिळणार. समोरच्याकडे चारवर रोखणारं उत्तर असताना तो इकडे फिरकणारच नाही. त्या फांदीत आपल्याला सहा मिळाले असते की साठ, हा प्रश्न उरत नाही.

म्हणजे शोध झाडात खाली उतरतो तेव्हा दोन आकडे बरोबर घेऊन उतरतो. अल्फा ही आपली हमी, बीटा ही त्याची. या दोन्हींच्या मधल्या फटीत पडणारी किंमतच वरच्या निर्णयावर परिणाम करू शकते. अल्फाइतकी किंवा तिच्याखालची किंमत आपण घेणार नाही, बीटाइतकी किंवा तिच्यावरची तो देणार नाही. फट मिटली की त्या जागेचा शोध थांबतो. हे आकडे एका पायरीपुरते नसतात. अगदी मुळाशी मिळालेला अल्फा पाच-सहा पायऱ्या खालच्या फांदीलाही छाटू शकतो.

छाटलेल्या प्रत्येक फांदीबद्दल आपल्याकडे एक पुरावा असतो, आणि माझ्या मते या पद्धतीचं सारं सामर्थ्य त्यातच आहे. बर्नस्टाइन यांचा प्रोग्रॅम म्हणतो, ‘ही चाल मला बरी दिसत नाही.’ अल्फा-बीटा म्हणते, ‘ही चाल खोडून काढणारं उत्तर हे बघा.’ पहिल्यात चूक होऊ शकते. दुसऱ्यात होऊ शकत नाही, कारण खोडणारं उत्तर एक मिळालं की दुसरं लागत नाही. ते सर्वांत उत्तम उत्तर असण्याचीही गरज नाही. अल्फाच्या खाली खेचेल एवढं पुरे.

मग किती छाटता येतं? ते सर्वस्वी चाली कोणत्या क्रमाने पाहिल्या यावर अवलंबून आहे. आपल्याच नऊ टोकांच्या झाडात क्रम बदलून बघा. आधी ‘क’ घेतली तर तिची तीन उत्तरं पाहावी लागतील आणि हातात चार येतील. मग ‘अ’ घेऊन तिचं तीनवालं उत्तर आधी पाहिलं तर एका टोकात तिचा निकाल लागतो. ‘ब’चं दोनवालं आधी पाहिलं की तीही एका टोकात संपते. एकूण पाच टोकं. आता उलट टोकाला जाऊ. ‘ब’ आधी घेतली तर तिची तिन्ही उत्तरं पाहून उणे नऊ हाती लागतात. त्याने ‘अ’मधलं काहीच छाटलं जात नाही, आणि ‘अ’च्या तीनने ‘क’मधलं काही छाटलं जात नाही. नऊच्या नऊ टोकं पाहावी लागली. उत्तर तिन्ही वेळा तेच.

पाचच्या खाली मात्र कोणालाच जाता येत नाही, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे. ‘या स्थितीची किंमत चार आहे’ या विधानात दोन दावे असतात. एक, मला चारपेक्षा कमी मिळणार नाही. हे सिद्ध करायला माझी एक चाल दाखवली की झालं, पण तिच्यावरची समोरच्याची सगळी उत्तरं तपासावी लागतात: ‘क’ची तीन टोकं. दुसरा दावा, मला चारपेक्षा जास्त मिळणार नाही. यासाठी माझ्या सगळ्या चाली घ्याव्या लागतात, पण प्रत्येकीवर समोरच्याचं एकेक चोख उत्तर पुरतं: ही तीन टोकं. ‘क’मधलं चारवालं टोक दोन्ही पुराव्यांत येतं, म्हणून तीन अधिक तीन वजा एक, पाच.

हाच हिशोब मोठ्या झाडाला लावा. पहिल्या पुराव्यात माझ्या प्रत्येक पायरीवर एक आणि त्याच्या प्रत्येक पायरीवर तीस फांद्या. चार चाली पाहायच्या तर एक गुणिले तीस गुणिले एक गुणिले तीस, म्हणजे ९००. दुसऱ्या पुराव्यात याच्या उलट, पुन्हा ९००. सामाईक टोक एकदाच मोजलं की १,७९९. सहा चाली पाहायच्या झाल्या तर साध्या मिनिमॅक्सला ७२ कोटी ९० लाख टोकं लागतात. दोन पुराव्यांना मिळून ५३,९९९ पुरतात. शॅनन यांच्या सोळा मिनिटांचं काम अशाने सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आटोपतं. दुसऱ्या शब्दांत सांगायचं तर तेवढ्याच मेहनतीत जवळजवळ दुप्पट खोल पाहता येतं.

हे सूत्र एमआयटीच्या १९६१च्या एका अंतर्गत टिपणात सापडतं. डॅनिएल एडवर्ड्‌स आणि टिमोथी हार्ट यांचं ते टिपण. सोव्हिएत रशियात अलेक्झांडर ब्रुद्‌नो यांनी हीच पद्धत स्वतंत्रपणे शोधून १९६३मध्ये प्रसिद्ध केली. डोनाल्ड कनूथ आणि रोनाल्ड मूर यांनी १९७५च्या लेखात तिची नीट गणिती तपासणी केली, आणि आज पाठ्यपुस्तकांत जे असतं ते बहुतांशी तिथून आलेलं आहे.

पण १,७९९ हा आकडा उत्तम क्रमाचा आहे, आणि उत्तम क्रम म्हणजे प्रत्येक ठिकाणी सर्वोत्तम चाल आधी पाहणं. ती आधीच ठाऊक असती तर शोध कशाला केला असता? चाली कशाही क्रमाने घेतल्या तर ढोबळ अंदाज असा की चार चालींसाठी ८,१०,०००ऐवजी २७ हजारांच्या आसपास टोकं पाहावी लागतात. तीही मोठीच बचत, पण १,७९९ नव्हे. म्हणून बुद्धिबळाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची बरीचशी बुद्धी गेली साठ वर्षं चाली रांगेत लावण्यात खर्च झाली आहे.

यात त्यांच्या पथ्यावर पडणारी गोष्ट ही की छाटणीसाठी सर्वोत्तम चाल लागत नाही, पुरेशी चांगली चाल लागते. बहुतेक चाली मूर्खपणाच्या असतात, आणि मूर्खपणाची शिक्षा सहसा ढोबळ असते: मोकळं पडलेलं मोहरं मारणं. म्हणून मारामारीच्या चाली आधी बघायच्या, त्यातही लहान मोहऱ्याने मोठं मोहरं मारण्याच्या सर्वांत आधी. प्याद्याने वजीर मिळत असेल तर बाकीची यादी वाचायची वेळच बहुधा येत नाही. दुसरी युक्ती अशी की शेजारच्या फांदीत ज्या चालीने छाटणी झाली, तीच इथे आधी करून बघायची. समोरच्याने घोड्याने दुहेरी मारा करण्याची तयारी ठेवली असेल, तर आपण पटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात कुठलंही प्यादं ढकललं तरी त्याचं उत्तर तेच असणार.

तिसरी युक्ती पहिल्यांदा ऐकताना उधळपट्टी वाटते. आठ चाली खोल पाहायचं असेल तर आधी एक चाल खोल पाहायचं, मग पुन्हा मुळापासून दोन, मग तीन, असं करत आठपर्यंत यायचं. प्रत्येक फेरीत जी चाल उत्तम ठरली ती पुढच्या फेरीत आधी घ्यायची. झाड इतक्या वेगाने फुगतं की आधीच्या सगळ्या फेऱ्यांचा खर्च शेवटच्या फेरीपुढे किरकोळ असतो, आणि त्यातून मिळालेल्या क्रमामुळे शेवटची फेरी इतकी स्वस्त होते की एकंदरीत फायदाच पदरात पडतो. शिवाय घड्याळाची वेळ मध्येच संपली तरी हातात मागच्या फेरीचं पूर्ण उत्तर असतं.

निवडक पाहावं की सगळं, याचा निकाल पटावरही लागला. १९६६-६७मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत रशिया यांच्या प्रोग्रॅमांत तारेने चाली कळवत चार डावांचा सामना झाला. मॅकार्थींच्या गटाचा प्रोग्रॅम अल्फा-बीटा वापरत होता, पण त्याआधी बर्नस्टाइन यांच्यासारखीच निवडक चालींची यादी करत होता. मॉस्कोच्या संस्थेचा प्रोग्रॅम ठरावीक खोलीपर्यंत सगळ्या चाली पाहत होता. रशियन प्रोग्रॅमने सामना ३-१ असा जिंकला. ज्यांनी छाटणीचा मुद्दा काढला त्यांनीच तिच्याआधी अंदाजाची कात्री चालवावी आणि हरावं, याला काय म्हणावं! पुढे १९७३मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या डेव्हिड स्लेट आणि लॅरी अ‍ॅटकिन यांनीही आपल्या प्रोग्रॅममधली निवड काढून टाकली आणि सगळ्या चाली पाहायला सुरुवात केली. त्यांच्या प्रोग्रॅमने पुढे कित्येक स्पर्धा जिंकल्या. १९९७मध्ये गॅरी कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लूच्या पोटातही अल्फा-बीटाच होती, सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थितींच्या वेगाने.

‘उत्तर तेच येतं’ याचा अर्थ मात्र काटेकोरपणे घ्यायला हवा. तेवढ्याच खोलीपर्यंत, गुण देण्याच्या त्याच पद्धतीने, छाटणीविना जे उत्तर आलं असतं ते. ते उत्तर बुद्धिबळाच्या दृष्टीने बरोबर असेलच असं नाही. समजा, पाहण्याची मर्यादा नेमकी आपल्या वजिराने प्यादं मारलं तिथे संपली. पुढच्याच चालीला तो वजीर मारला जाणार आहे हे यंत्राला दिसत नाही, आणि ते एक प्यादं जिंकल्याच्या आनंदात असतं. साध्या मिनिमॅक्सलाही हीच चूक होते, आणि अल्फा-बीटा ती चूक जशीच्या तशी, फक्त लवकर करते. यावरचा इलाज वेगळा आहे: मारामारी चालू असताना गुण द्यायचे नाहीत, ती शमेपर्यंत तेवढ्याच चाली पुढे पाहत राहायचं.

आजच्या इंजिनांबद्दलही इथे एक खुलासा हवा. स्टॉकफिशसारखं इंजिन अल्फा-बीटावरच उभं आहे, पण त्याच्यात आणखी बऱ्याच कात्र्या चालतात. यादीत मागे पडलेल्या चाली कमी खोल बघायच्या. किंवा आपली चाल समोरच्याला फुकट देऊनही आपण वरचढ राहतो का ते पाहायचं आणि राहत असलो तर ती फांदी सोडायची. या कात्र्या अनुभवावर चालतात, पुराव्यावर नाही. फुकट चाल देण्याची युक्ती तर डावाच्या शेवटी, जिथे चाल करावी लागणं हाच तोटा असतो, तिथे हमखास फसते. इंजिनाने एखादी चाल नजरेआड केली तर दोष या कात्र्यांचा असू शकतो. आणि गुगलच्या डीपमाइंडचा अल्फाझीरो, नावात अल्फा असूनही, ही पद्धत वापरत नाही. त्याचा शोध वेगळ्या जातीचा आहे.

अल्फा-बीटा स्वतः चुकत नाही, लिहिणारे चुकतात. नेहमीची चूक एका बारीक जागी होते, आणि ती समजली की ही पद्धत खरी समजली असं मी म्हणेन. छाटलेल्या फांदीने परत दिलेला आकडा ही तिची किंमत नसते. ‘याहून जास्त नाही’ किंवा ‘याहून कमी नाही’ एवढंच तो सांगतो. आपल्या उदाहरणात ‘ब’च्या पहिल्या उत्तरानंतर दोनऐवजी तीन आले असते, तरी ‘ब’ तिथेच छाटली गेली असती आणि नोंद झाली असती तीनची. ‘अ’चेही तीन. आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला वाटलं की समान गुणांच्या चालींतून एखादी चिठ्ठी टाकून निवडावी, म्हणजे खेळ एकसुरी होणार नाही. तर तो कधीतरी ‘ब’ निवडेल आणि उणे नऊच्या खड्ड्यात जाईल. ‘अ’चे तीन खरे होते, ‘ब’चे तीन म्हणजे नुसती वरची मर्यादा. म्हणून आधीच्या चालीपेक्षा काटेकोरपणे जास्त गुण मिळाले तरच चाल बदलायची. एकदा पाहिलेल्या स्थितींचे गुण साठवून ठेवायचे असतील तर प्रत्येक आकड्याबरोबर तो नेमका आहे, वरची मर्यादा आहे की खालची, हेही लिहून ठेवावं लागतं.

ज्या वाचकांना थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं त्यांनी हे फुल्ली-गोळ्यावर जरूर करून बघावं. मोकळ्या पटापासून सुरू होणारं त्याचं संपूर्ण झाड ५,४९,९४६ स्थितींचं आहे, आणि साधा संगणक ते बघता बघता पूर्ण पाहतो. एकदा छाटणी बंद ठेवून चालवा, एकदा चालू करून. किती स्थिती पाहिल्या ते दोन्ही वेळा मोजा. आकडा कितीही उतरला तरी मुळाची किंमत दोन्ही वेळा शून्य, म्हणजे बरोबरी, हीच आली पाहिजे. मग आपण कोपऱ्यात फुल्ली मारा आणि यंत्राला उत्तर देऊ द्या, दहा-वीस वेळा. त्याने एकदा जरी मधलं घर सोडून गोळा दुसरीकडे मांडला, तर तुमच्या प्रोग्रॅममध्ये वरची चूक आहे असं समजा आणि बरोबरीच्या चालींतून निवड करणारी ओळ तपासा. कोपऱ्यातल्या फुल्लीला आठ उत्तरं शक्य असतात, आणि त्यांपैकी मधलं घर सोडलं तर बाकी सातही हरतात.